नऊ घरांचं बहुमत

‘रोग’ नावाचा संगणकखेळ अमेरिकेत १९८० च्या सुमारास विद्यार्थ्यांनी लिहिला. त्यात चित्रं नव्हती. भिंती, वाटा आणि खुद्द खेळाडू, सगळे कीबोर्डवरच्या चिन्हांनी दाखवलेले. तरीही तो लोकांनी वर्षानुवर्षं खेळला, कारण प्रत्येक डावात तळघराचा नकाशा नवा असे. हा नकाशा बनवण्याची रीत सरळ होती. पडद्याचे तीन बाय तीन असे नऊ भाग करायचे, बहुतेक भागांत एकेक आयताकृती खोली टाकायची आणि खोल्या वाटांनी जोडायच्या. खोल्या किती आणि कुठे आहेत हे प्रोग्रामला माहीत असायचं, कारण त्यानंच त्या ठेवलेल्या असायच्या. त्यामुळे कोणती खोली कोणत्या खोलीला जोडायची हा हिशेबही त्याच्या हातात राही.

अशा नकाशाचं नातं आपल्याकडच्या लेण्यांशी आहे. लेणं कोरणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून मंडप असतो, खांबांच्या रांगा असतात, दार कुठे येणार हे ठरलेलं असतं. निसर्गानं केलेल्या गुहेत यातलं काहीच नसतं. कुठे पोकळी रुंदावते, कुठे अचानक आवळते, भिंतीला कोपरा म्हणून सापडत नाही. खेळासाठी अशी गुहा हवी असेल तर खोल्या मांडून आणि जोडून ती मिळत नाही. रस्ता पूर्ण उलटा घ्यावा लागतो: आधी नुसता गोंधळ पसरायचा आणि मग एका अगदी छोट्या नियमानं तो निवळू द्यायचा. या रस्त्याला सेल्युलर ऑटोमॅटा म्हणतात. त्यातून निघणाऱ्या गुहा देखण्या असतात, पण त्यांच्यात एक खोट हमखास असते. काही पोकळ्या बाकीच्या गुहेपासून तुटून खडकात बंद राहतात. ही खोट नियमाच्या स्वभावातूनच येते, म्हणून आधी नियम नीट पाहू.

सेल्युलर ऑटोमॅटाची मूळ कल्पना स्टॅनिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञांची, १९४० च्या दशकातली. १९७० मध्ये जॉन कॉनवे यांचा ‘गेम ऑफ लाइफ’ मार्टिन गार्डनर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात आला आणि ती सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचली. कल्पना अशी, की चौकटीच्या कागदावर प्रत्येक घराची एक स्थिती असते. घड्याळाचा एक ठोका पडला की प्रत्येक घर फक्त आपल्या लगतच्या शेजाऱ्यांकडे बघतं आणि आपली पुढची स्थिती ठरवतं. वरून हुकूम देणारा कोणी नसतो, संपूर्ण कागद एका नजरेत पाहणाराही कोणी नसतो.

गुहेसाठी दोनच स्थिती पुरतात: खडक किंवा मोकळी जागा. सुरुवातीला प्रत्येक घरासाठी जणू नाणं उडवायचं, पण ते किंचित एकीकडे झुकलेलं हवं. शंभरातल्या ४५ वेळा खडक, ५५ वेळा मोकळं. नकाशाच्या चारही कडा मात्र पक्क्या खडकाच्या ठेवायच्या, म्हणजे गुहा कागदाबाहेर सांडणार नाही. मग नियम असा: घर स्वतः आणि त्याचे आठ शेजारी मिळून नऊ घरं होतात, या नवांत पाच किंवा जास्त खडक असतील तर पुढच्या फेरीत ते घर खडक, नाहीतर मोकळं. म्हणजे साधं बहुमत. रोगलाइक खेळ लिहिणारे याला ४-५ नियम म्हणतात, कारण शेजाऱ्यांपुरतं मोजलं तर खडकाला खडक राहायला चार खडक-शेजारी लागतात आणि मोकळ्या घराला खडक व्हायला पाच.

एक छोटा नकाशा हातानं सोडवून पाहू. कडा धरून १६ घरं रुंद आणि ९ घरं उंच. आतली घरं १४ गुणिले ७, म्हणजे ९८. त्यांत ४४ खडक टाकले आहेत, म्हणजे जवळपास बरोबर ४५ टक्के. # म्हणजे खडक, टिंब म्हणजे मोकळी जागा.

```
################
##..#.##.##.#.##
#..#...###...#.#
##...#..###....#
#.#...#.#.##..##
##.#...###.###.#
#...#...###.#..#
##.#..#.#.##..##
################
```

यात गुहा दिसत नाही, नुसती धूळ दिसते. आता वरून पाचव्या ओळीतलं डावीकडून सातवं घर घ्या. ते खडक आहे. त्याच्यासकट नऊ घरं मोजली तर त्यांत तीनच खडक निघतात. बहुमत मोकळ्याचं, म्हणून ते मोकळं होणार. त्याच ओळीतलं दहावं घर मोकळं आहे, पण त्याच्या वरच्या ओळीत तीन खडक, डावी-उजवीकडे एकेक, खालच्या ओळीत दोन, असे सात खडक भरतात. ते बुजणार. सगळ्या घरांचं असं मोजून झालं की पहिल्या फेरीनंतर हे दिसतं:

```
################
################
##.....####...##
##.....####...##
##.....#####..##
##.....######.##
##.....######.##
######.#########
################
```

एकाच फेरीत धूळ खाली बसली. डावीकडे २६ घरांची एक गुहा उघडली, उजवीकडे दहा घरांची दुसरी आणि मधे खडकाची जाड भिंत उभी राहिली. मूळ गोंधळात मधल्या पट्ट्यात खडक थोडे जास्त पडले होते, एवढंच. बहुमताच्या नियमाला तेवढा झुकाव पुरला.

हे मोजताना एक चूक फार सहज होते आणि नवख्यांना ती बराच काळ सापडत नाही. फेरी चालू असताना नवी स्थिती जुन्याच नकाशावर लिहिली, तर पुढचं घर मोजताना काही शेजारी जुने आणि काही नवे असा खिचडा होतो. नियम एकाच ठोक्यावर सगळ्यांना लागायला हवा, म्हणून जुना नकाशा वाचायला आणि वेगळा कोरा नकाशा लिहायला, असे दोन नकाशे हवेत. एकावरच काम केलं तरी गुहेसारखं काहीतरी तयार होतं, आणि म्हणूनच चूक लपते. फरक पाहायचा तर सुरुवातीचा तोच गोंधळ एकदा डावीकडून उजवीकडे आणि एकदा उजवीकडून डावीकडे मोजावा. दोन नकाशे वेगळे आले, तर नियम मोजण्याच्या क्रमावर अवलंबून राहिला आहे असं समजावं.

आता ४५ या आकड्याकडे येऊ. तो मनात आला म्हणून घेतलेला नाही. प्रत्येक घर खडक असण्याची शक्यता ४५ टक्के असेल, तर कोणत्याही नऊ घरांत पाच किंवा जास्त खडक निघण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के येते. म्हणजे कडांपासून दूरच्या भागात पहिल्याच फेरीत खडक ४५ वरून ३८ टक्क्यांवर उतरतो. सुरुवात ४० टक्क्यांनी केली तर तो २७ वर कोसळतो. ५० टक्क्यांनी केली तर ५० वरच राहतो. बहुमताचा नियम जो वरचढ असेल त्याला आणखी वर चढवतो, त्यामुळे सुरुवातीचा पाच टक्क्यांचा फरक काही फेऱ्यांत फार मोठा होतो. ४० टक्क्यांना गुहेऐवजी खांब विखुरलेलं मोठं मैदान मिळतं. ५० टक्क्यांना खडक आणि पोकळी तुल्यबळ राहतात आणि गुहा अनेक तुकड्यांत फुटते. या दोन टोकांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आपल्याला हवी तशी गुहा राहते. वळणदार, मधेच रुंदावणारी आणि बहुतांशी सलग.

आपल्या छोट्या नकाशात मात्र खडक ३८ टक्क्यांवर उतरला नाही, उलट ४४ घरांवरून ६२ घरांवर गेला. हे कडांचं काम. कडेला चिकटून असलेल्या घराला नवांतले तीन खडक आयतेच मिळतात, कोपऱ्यातल्याला पाच. आपल्या ९८ घरांपैकी ३८ घरं कडेला चिकटलेली आहेत. खेळात साधारणपणे ८० बाय ५० चा नकाशा घेतला, तर आतल्या ३,७४४ घरांपैकी फक्त २४८ घरं कडेला असतात आणि हा परिणाम काठापुरता उरतो. लहान नकाशावर आकडे जुळवून ठेवले आणि मग तेच मोठ्या नकाशाला लावले की गुहा अपेक्षेपेक्षा फार मोकळी येते, त्यामागचं कारण हेच.

पुढच्या फेऱ्यांत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. डावीकडची गुहा दुसऱ्या फेरीत २२ घरांवर येते, तिसऱ्यात २१ वर आणि तिथे थांबते. तिचे कोपरे झिजून ती गोलसर झालेली असते. ओळीओळीनं तीन, पाच, पाच, पाच, तीन घरं. यानंतर कितीही फेऱ्या चालवा, एकही घर बदलत नाही. उजवीकडची दहा घरांची पोकळी दुसऱ्या फेरीत सहावर येते, तिसऱ्यात तीनवर आणि चौथ्या फेरीत पूर्ण बुजते. तिची खाली उतरणारी शेपटी एका घराच्या रुंदीची होती. चारी बाजूंनी खडक असलेल्या अशा एकेरी वाटेतलं घर आपल्या नवांत फार तर तीन मोकळी घरं पाहतं, सहा खडकांपुढे हरतं आणि बुजतं. उलट, मोकळ्या जागेत उभी असलेली एका घराच्या जाडीची भिंतही अशीच विरघळते. म्हणून या गुहांमध्ये लांब एकेरी बोळ किंवा पातळ पडदीसारखी भिंत कधी सापडत नाही. त्यांचा ओळखीचा, फुगीर आकार याच झिजेतून येतो.

मग असं वाटेल, की फेऱ्या वाढवल्या की तुटलेल्या पोकळ्या आपोआप संपतील. लहान पोकळ्या संपतात, हे आत्ताच पाहिलं. पण चार ओळींत दोन, चार, चार, दोन अशी बारा घरांची गोलसर पोकळी घ्या. तिच्या वरच्या ओळीतल्या घराला स्वतःसकट पाच मोकळी घरं दिसतात: आपल्या ओळीत दोन, खाली तीन. बाजूच्या घरालाही पाच. म्हणजे बहुमत मोकळ्याचंच. बाहेरच्या कोपऱ्यातल्या खडकाला मात्र तीनच मोकळी घरं दिसतात, म्हणून तोही जागचा हलत नाही. ही पोकळी शंभर फेऱ्यांनंतरही तशीच राहील, मुख्य गुहा तिच्यापासून फक्त तीन-चार घरांवर असली तरी.

इथेच या रीतीची मर्यादा स्पष्ट होते. एखादी जागा गाठता येते की नाही, हा प्रश्न संपूर्ण नकाशाचा आहे. वाट लांबून वळसा घालून येत असेल, किंवा मुळीच नसेल. नऊ घरांच्या खिडकीतून पाहणाऱ्या नियमाला यांतला फरक दिसत नाही. बंद पोकळीतलं घर आणि मोठ्या गुहेतलं घर, दोघांच्या आसपास सारखीच नऊ घरं असू शकतात. नियम कितीही घासूनपुसून घेतला, ४५ चे ४४ केले, फेऱ्या चारच्या सात केल्या, तरी ‘सगळीकडे पोचता येईल’ अशी हमी त्यातून निघत नाही. त्यासाठी वेगळ्या जातीचं काम लागतं, संपूर्ण नकाशा फिरून पाहणारं.

ते काम करणाऱ्या पद्धतीला फ्लड फिल म्हणतात. पाणी सोडावं तशी ती चालते. नकाशा डावीकडून उजवीकडे, वरून खाली तपासत जायचं. शिक्का न बसलेलं पहिलं मोकळं घर सापडलं की त्यावर ‘१’ चा शिक्का मारायचा आणि त्याला तपासायच्या घरांच्या यादीत टाकायचं. यादीतून एक घर काढायचं, त्याच्या लगतच्या मोकळ्या आणि बिनशिक्क्याच्या घरांवर तोच शिक्का मारायचा, त्यांना यादीत टाकायचं. यादी रिकामी झाली म्हणजे पाणी जिथवर जाऊ शकत होतं तिथवर गेलं. मग पुढचं बिनशिक्क्याचं मोकळं घर शोधून ‘२’ सुरू करायचा. आपल्या पहिल्या फेरीनंतरच्या नकाशात पहिला शिक्का तिसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या घरापासून सुरू होतो आणि २६ घरांवर थांबतो. दुसरा त्याच ओळीतल्या बाराव्या घरापासून सुरू होतो आणि दहा घरांवर थांबतो. तिसरा सुरूच होत नाही. दोन पोकळ्या, त्यांची मापं आणि त्यांतलं प्रत्येक घर, सगळं हाती आलं. प्रत्येक घराला एकदाच शिक्का बसत असल्यानं चार हजार घरांच्या नकाशालाही हे काम क्षणात होतं.

लिहिताना एक मोह होतो. ‘शिक्का मार आणि शेजाऱ्यांना हाक मार’ हे काम स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या चार ओळींत लिहिता येतं आणि ते वाचायलाही सुंदर दिसतं. पण मोठ्या गुहेत हाकेतून हाक अशी साखळी हजारोंच्या घरात जाते आणि प्रोग्राम मधेच कोसळतो. लहान नकाशावर हे कधीच दिसत नाही. म्हणून यादी स्वतः सांभाळणारी, वर सांगितलेली पद्धतच बरी.

त्याहून नाजूक बाब म्हणजे ‘लगतचं घर’ कोणाला म्हणायचं. गुहा घडवताना आपण आठ शेजारी मोजले. पण खेळाडूला तिरकं चालता येत नसेल, फक्त वर-खाली-डावी-उजवीकडे जाता येत असेल, तर फ्लड फिलनंही चारच शेजारी धरायला हवेत. दोन पोकळ्या फक्त कोपऱ्याला कोपरा लावून भेटत असतील, तर आठ शेजारी धरणारं पाणी त्या फटीतून पलीकडे जातं आणि दोघींना एकच शिक्का मिळतो. कागदावर सगळं जोडलेलं, आणि खेळाडू मात्र कोपऱ्याशी येऊन अडकतो. ही चूक तपासणीतही सापडत नाही, कारण तपासणीही तोच चुकीचा शेजार मोजत असते. पाण्याचा शेजार आणि पायाचा शेजार एकच असायला हवा. दोन्ही ठिकाणी एकच फंक्शन वापरणं हा त्यावरचा भरवशाचा उपाय.

पोकळ्या वेगळ्या ओळखता आल्या की दोन मार्ग उरतात. पहिला, बुजवण्याचा: सर्वांत मोठी पोकळी ठेवायची आणि बाकीच्या शिक्क्यांच्या सगळ्या घरांत खडक भरायचा. आपल्या नकाशात २६ घरं राहतील, दहा घरं जातील. हा मार्ग सोपा आहे, गुहेचा नैसर्गिक आकार अजिबात बिघडत नाही आणि जे उरतं ते सलग असणारच. पण तो चालतो तो मोठी पोकळी खरोखर मोठी असेल तेव्हाच. कधी चिठ्ठी अशी पडते, की नकाशात दोन-तीन सारख्याच आकाराच्या गुहा तयार होतात. त्यांतली एक ठेवून बाकीच्या बुजवल्या तर ऐंशी घरांच्या रुंदीत एका कोपऱ्यातलं बीळ उरतं. म्हणून बुजवल्यानंतर मोकळी घरं मोजायचीच. ती ठरवलेल्या हिश्श्यापेक्षा, समजा नकाशाच्या ४५ टक्क्यांपेक्षा, कमी भरली तर तो नकाशा टाकून नव्या गोंधळापासून सुरुवात करायची. संगणकाला यात फारसा वेळ लागत नाही. आणि पुन्हापुन्हा टाकावं लागत असेल, तर खडकाचं सुरुवातीचं प्रमाण जास्त आहे असा त्याचा अर्थ घ्यावा.

दुसरा मार्ग बोगद्यानं जोडण्याचा. दोन पोकळ्यांतली एकमेकींच्या सर्वांत जवळची दोन घरं शोधायची आणि त्यांच्यामधला खडक फोडायचा. आपल्या नकाशात तिसऱ्या किंवा चौथ्या ओळीत मधे चारच घरं आहेत. चौथ्या ओळीतली ही चार घरं उघडली की २६ आणि १० मिळून ४० घरांची एकच गुहा होते. पण बोगदा सरळ आणि कृत्रिम दिसतो, तेव्हा साहजिकच वाटतं की त्यावरून नियमाची एक फेरी फिरवावी, म्हणजे त्याच्या कडा मऊ होतील. तसं केलं की बोगदा बुजतो. मघाची एकेरी वाट आठवा: मधल्या घराला तीन मोकळी घरं दिसतात, सहा खडक दिसतात आणि ते हरतं. नकाशा पुन्हा तुटतो, आणि तोही आपण ‘जोडून झालं’ अशी खूण केल्यानंतर. बोगदा दोन घरं रुंद खणला, म्हणजे तिसरी आणि चौथी या दोन्ही ओळी मिळून आठ घरं उघडली, तर मधल्या घराला सहा मोकळी घरं दिसतात आणि फेरीनंतरही वाट टिकते. खेळात एकेरी बोळच हवा असेल तर तो अगदी शेवटी खणायचा आणि त्यानंतर नियमाला नकाशाला हात लावू द्यायचा नाही.

माझं मत विचाराल तर बारा-पंधरा घरांच्या पोकळ्या बुजवाव्यात आणि मोठ्या जोडाव्यात. लहान पोकळीपर्यंत बोगदा खणला तर खेळाडू चालत जातो आणि त्याला टोकाशी रिकामा खळगा मिळतो. मोठी पोकळी बुजवली तर नकाशाचा सगळ्यांत रंजक भाग, दोन प्रशस्त दालनं आणि त्यांना सांधणारी अरुंद वाट, हातचा जातो. सीमा किती घरांवर ठेवायची हे नकाशाच्या आकारावर आणि खेळाच्या गरजेवर ठरतं. ते डोळ्यांनी वीस-तीस नकाशे पाहूनच ठरवावं.

मोकळी मैदानं हाही या रीतीचा एक दोष आहे. ४५ टक्क्यांनाही कधीकधी मध्यभागी प्रचंड रिकामी जागा तयार होते आणि गुहेचा भास मोडतो. त्यावर रोगलाइक लिहिणाऱ्यांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. पहिल्या चार फेऱ्यांत नियमाला एक पुस्ती जोडायची: घराभोवती दोन पावलांच्या अंतरापर्यंत पाहिलं आणि तिथे दोनपेक्षा जास्त खडक नसतील, तर त्या ओसाड जागी खडक उगवावा. मग शेवटच्या तीन फेऱ्या ही पुस्ती काढून फक्त बहुमताच्या. पहिल्या चार फेऱ्यांत मैदानात खडकाची बीजं पडतात. पुढच्या तीन फेऱ्यांत एकटीदुकटी बीजं विरघळतात, जिथे पुरेशी एकत्र पडली तिथे खांब आणि भिंती होतात. अर्थात मैदान तोडणारी नवी भिंत कधी गुहाही तोडू शकते. त्यामुळे फ्लड फिलचा क्रम सगळ्या फेऱ्यांच्या नंतरच यायला हवा.

शेवटची तपासणी एका ओळीत सांगता येते. खेळाडू जिथून सुरू करणार त्या घरापासून पाणी सोडायचं, शिक्का बसलेली घरं मोजायची आणि नकाशातली एकूण मोकळी घरं मोजायची. दोन आकडे सारखे आले तर सगळीकडे पोचता येतं. एकाचा जरी फरक पडला, तरी कुठेतरी घर कोंडलेलं आहे. सोबत नाणेफेकीची बीजसंख्या, म्हणजे ज्या संख्येपासून सगळे यादृच्छिक आकडे निघाले ती, लिहून ठेवायची. तीच बीजसंख्या पुन्हा दिली की तोच गोंधळ, तोच नकाशा आणि तीच चूक परत येते. त्याशिवाय हजारात एकदा होणारी चूक पकडता येत नाही.

हे सगळं एका बंद चौकटीत ठीक चालतं, कारण ‘सर्वांत मोठी पोकळी’ या शब्दांना तिथे अर्थ असतो. खेळाडू चालत राहील तशी गुहा पुढे पुढे तयार होत जावी असं ठरवलं, तर नकाशाला शेवटच नसतो आणि कोणती पोकळी मोठी हे कधीच कळत नाही. आज तुटलेली वाटणारी पोकळी पुढच्या तुकड्यातून वळसा घालून येऊन मिळेलही. लॉरेन्स जॉन्सन, जॉर्जिओस यानाकाकिस आणि ज्युलियन टोगेलियस यांनी २०१० मध्ये नेमका हाच प्रश्न हाती घेतला. त्यांनी गुहा ५० बाय ५० च्या तुकड्यांत घडवली. खेळाडू ज्या तुकड्यात आहे त्याचे चारही शेजारी तुकडे आधीच तयार ठेवायचे, आणि दोन लगतच्या तुकड्यांत वाट नसेल तर ते जिथे सर्वांत जवळ येतात तिथे बोगदा खणायचा. संपूर्ण नकाशाबद्दल काही सांगण्याऐवजी हमी फक्त शेजारच्या तुकड्यापुरती द्यायची. खेळाडू एका वेळी एकाच तुकड्यात असतो, त्यामुळे पुढच्या सीमेपर्यंतची वाट शाबूत असली की त्याचं काम चालतं.